इंडिकेटरची वाढलेली टिकटिक

चांगल्या स्थितीतल्या गाडीचा इंडिकेटर मिनिटाला साधारण ८० ते ९० वेळा उघडझाप करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या १०२व्या नियमाने ही गती मिनिटाला किमान ६० आणि कमाल १२० अशी बांधून दिली आहे आणि प्रकाशाचा रंग नारिंगी असावा असेही सांगितले आहे. या मर्यादेतली टिकटिक चालकाच्या कानाला इतकी सवयीची होते की ती ऐकूही येत नाही. मग एखाद्या दिवशी डावीकडे वळताना ती अचानक दुप्पट वेगाने वाजू लागते. डॅशबोर्डवरचा हिरवा बाणही त्याच घाईने लुकलुकतो. उजवीकडचा इंडिकेटर लावला तर मात्र सारे नेहमीसारखे असते. गॅरेजमध्ये अशी गाडी आली की तक्रार एका वाक्यात सांगितली जाते: ‘डावीकडचा इंडिकेटर फास्ट मारतोय.’

आवाज डॅशबोर्डाखालच्या फ्लॅशर रिलेतून येत असतो. त्यामुळे दोषही त्या रिलेतच असणार असे मानून तो बदलला जातो. नवा रिले बसवल्यावरही टिकटिक तेवढ्याच वेगाने चालू राहते, कारण रिले बिघडलेला नव्हताच. तो आपले काम चोख करत होता. एका बाजूची उघडझाप वेगाने होणे ही बहुतेक वेळा रिलेने चालकाला दिलेली सूचना असते: या बाजूचा एखादा दिवा पेटत नाही, किंवा जेवढा करंट घ्यायला हवा तेवढा घेत नाही. चालकाला स्वतःच्या गाडीचे मागचे दिवे दिसत नाहीत. म्हणून ही सूचना त्याच्या कानापर्यंत पोहोचेल अशी मुद्दाम रचलेली आहे. दिव्यांच्या मांडणीसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही इंडिकेटरचा दिवा गेला की चालकाला ते कळले पाहिजे अशी अट आहे, आणि गतीत ठळक बदल होणे हा त्यासाठी मान्य केलेला एक मार्ग आहे.

बल्ब गेल्याचे रिलेला कसे कळते, हे एकदा नीट समजले की पुढचा सगळा तपास सोपा होतो. साध्या मोटारीत प्रत्येक बाजूला इंडिकेटरचे तीन बल्ब असतात. पुढे २१ वॅटचा एक, मागे २१ वॅटचा एक आणि पुढच्या मडगार्डवर किंवा आरशात ५ वॅटचा एक छोटा. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजमधून फ्लॅशरमध्ये येतो, तिथून स्टीअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचकडे जातो आणि स्विच ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या तिन्ही बल्बांत वाटला जातो. तिन्ही बल्ब एकमेकांना समांतर जोडलेले असल्यामुळे एक गेला तरी बाकीचे पेटत राहतात, पण एकूण करंट मात्र घटतो. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. २१, २१ आणि ५ मिळून ४७ वॅट होतात आणि १२ व्होल्टला त्यांचा करंट सुमारे ३.९ अँपिअर भरतो. मागचा बल्ब उडाला तर उरतात २६ वॅट, म्हणजे सुमारे २.२ अँपिअर. इंजिन चालू असताना गाडीचे व्होल्टेज १४च्या आसपास असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे मोठे येतात. समजून घेण्यासाठी १२ हा आकडा सोयीचा आहे.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच्या आत या करंटच्या वाटेवर तांब्यासारख्या धातूची छोटीशी पट्टी किंवा तार बसवलेली असते. तिला शंट म्हणतात. तिचा रोध अगदी नगण्य असतो, पण शून्य नसतो. तो ३० मिलिओहम धरला, तर ३.९ अँपिअरला तिच्या दोन टोकांमध्ये सुमारे ११७ मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि २.२ अँपिअरला सुमारे ६५चा. फ्लॅशरमधली चिप दर उघडझापीला हा फरक मोजते. दोन्ही आकड्यांच्या मध्ये कुठेतरी, समजा ८५ मिलिव्होल्टवर, एक सीमा ठरवलेली असते. फरक सीमेच्या वर असला की गती नेहमीची राहते आणि खाली गेला की ती जवळपास दुप्पट केली जाते. बल्ब पेटला की नाही हे चिपला दिसत नाही, तिला फक्त एकूण करंट कळतो. पुढचे सगळे घोळ याच एका गोष्टीतून निघतात.

उदाहरणार्थ, मडगार्डवरचा ५ वॅटचा छोटा बल्ब उडाला तर ४२ वॅट उरतात. करंट ३.५ अँपिअर राहतो आणि शंटवरचा फरक १०५ मिलिव्होल्ट, म्हणजे सीमेच्या बराच वर. त्यामुळे टिकटिक मुळीच बदलत नाही. बाजूचा छोटा दिवा महिनोन्‌महिने बंद राहिला तरी रिले गप्प बसतो. गती नेहमीची आहे म्हणून सगळे दिवे चालू आहेत, असा अर्थ कधीच काढू नये.

दुसरे उदाहरण हॅझार्डचे, आणि तपासात ते फार उपयोगी पडते. हॅझार्डचे बटण दाबले की दोन्ही बाजूंचे मिळून ९४ वॅटचे दिवे एकाच वेळी पेटतात. त्यांतला २१ वॅटचा एक गेला तरी ७३ वॅट उरतात. हा करंट सहा अँपिअरच्या वर असल्यामुळे एका बाजूसाठी आखलेल्या सीमेच्या खाली तो येत नाही. म्हणून वेगळा फ्लॅशर रिले असलेल्या बहुतेक गाड्यांत एखादा बल्ब उडाला असतानाही हॅझार्ड नेहमीच्या गतीने चालतो. डावा इंडिकेटर घाईत, उजवा नेहमीचा आणि हॅझार्डही नेहमीचा असे असेल, तर रिलेवरचा संशय तिथेच संपतो. दोष डावीकडच्या बल्बात, होल्डरमध्ये किंवा वायरमध्ये आहे. या परीक्षेला ना पाना लागतो, ना मीटर.

याच जातीच्या एका साध्या हॅचबॅक मोटारीचा दोष शेवटपर्यंत शोधत गेले, तर बाकीचे बरेच काही आपोआप उलगडते. या गाडीच्या डाव्या इंडिकेटरची टिकटिक वाढली आहे. पहिली पायरी मोजण्याची. मोबाइलच्या घड्याळावर १० सेकंद लावून उघडझापी मोजल्या, तर उजवीकडे १४ भरतात आणि डावीकडे २८. कानाचा अंदाज चुकू शकतो, मोजणी चुकत नाही. हॅझार्ड लावून गाडीभोवती एक फेरी मारली की दिसते, डावा मागचा दिवा पेटतच नाही. फेरी संध्याकाळी किंवा सावलीत मारलेली बरी. भर उन्हात मंद पेटलेला दिवा बंद वाटतो आणि बंद दिव्याच्या काचेत सूर्य चमकला की तो पेटल्यासारखा भासतो.

डिकी उघडून आतले प्लॅस्टिकचे झाकण काढले की टेल लॅम्पच्या मागे बल्बचे होल्डर दिसतात. होल्डर पाव फेरा फिरवला की बाहेर येतो. बल्ब हलकेच आत दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. दिवा नुकताच पेटलेला असेल तर दोन-तीन मिनिटे थांबावे, कारण २१ वॅटचा बल्ब बोटाला चटका बसेल इतका तापतो. बल्ब उजेडाकडे धरून पाहावा. उडालेल्या बल्बची तार मध्येच तुटून लोंबताना दिसते किंवा काच आतून काळी-रुपेरी पडलेली असते. पण काही वेळा तार अगदी आधाराच्या टोकाशी तुटते आणि डोळ्याला शाबूत दिसते. अशा वेळी मीटरने पाहावे लागते. चांगल्या २१ वॅट बल्बचा थंड असतानाचा रोध एक ओहमच्या आतच भरतो. गणिताने पेटत्या तारेचा रोध सात ओहमच्या आसपास येतो, म्हणून मीटरवरचा हा छोटा आकडा पाहून बल्ब शॉर्ट झाला असे वाटून घेऊ नये. तार थंड असताना तिचा रोध इतकाच असतो. मीटरने काहीच दाखवले नाही, तर बल्ब गेला.

मीटर नसेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. डावा मागचा आणि उजवा मागचा बल्ब एकमेकांच्या जागी लावावेत. आता टिकटिक उजवीकडे वाढली तर दोष बल्बाबरोबर हलला, म्हणजे बल्बच खराब. टिकटिक डावीकडेच वाढलेली राहिली तर बल्ब चांगला आहे आणि होल्डर किंवा वायर तपासायची आहे. ऑटो इलेक्ट्रिशियन ही अदलाबदल रोज करतात. दोन मिनिटांचे काम आहे, पण त्यामुळे विनाकारण होणारी खरेदी टळते.

या गाडीत बल्बची तार तुटलेली निघते. नवा बल्ब आणायचा, आणि खरी चूक बहुतेक वेळा याच टप्प्यावर होते. दुकानदारापुढे जुना बल्ब ठेवून ‘असाच द्या’ म्हटले की दिसायला तसाच बल्ब हातात पडतो. पण एकाच मापाच्या पितळी कॅपवर, समोरासमोर दोन पिना असलेले, ५ वॅटचे, १० वॅटचे आणि २१ वॅटचे असे तिन्ही बल्ब मिळतात. १० वॅटचा बल्ब हा मोटारसायकलच्या इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब, त्यामुळे तो दुकानात मुबलक असतो. तिन्ही एकाच होल्डरमध्ये सहज बसतात. १० वॅटच्या बल्बचा काचेचा फुगा जरा लहान असतो, पण शेजारी २१ वॅटचा ठेवल्याशिवाय ते लक्षात येत नाही.

समजा, १० वॅटचा बल्ब बसला. दिवा पेटतो, उघडझापही करतो. मालकाला वाटते काम झाले. पण आता या बाजूला २१, १० आणि ५ मिळून ३६ वॅट आहेत, करंट ३ अँपिअर आणि शंटवरचा फरक ९० मिलिव्होल्ट. सीमा ८५ वर धरली होती, म्हणजे हा आकडा अगदी काठावर येतो. एखाद्या फ्लॅशरची सीमा थोडी वर असेल तर गती वाढलेलीच राहते, थोडी खाली असेल तर नेहमीची होते. कधी घाई, कधी नेहमीची गती, आणि गॅरेजमध्ये नेल्यावर नेमके सगळे ठीक, अशा चकवणाऱ्या तक्रारींमागे पुष्कळदा असाच काठावरचा करंट असतो. ५ वॅटचा बल्ब बसवला असेल तर एकूण ३१ वॅट होतात आणि गती वाढलेलीच राहते. गाडीतला प्रत्येक दिवा पेटत असताना टिकटिक दुप्पट असेल, तर रिलेला हात लावण्याआधी प्रत्येक बल्बच्या कॅपवरचा आकडा वाचावा. तो तिथे कोरलेला किंवा छापलेला असतो: १२ व्होल्ट, २१ वॅट. छापील आकड्यापेक्षा कमी करंट घेणारे हलके बल्बही बाजारात असतात. म्हणून एकाच बाजूचे दोन मोठे बल्ब शक्यतो एकाच चांगल्या कंपनीचे घ्यावेत.

कमी वॅटच्या बल्बमुळे टिकटिक चुकते, त्याहून मोठा तोटा मागून येणाऱ्याचा होतो. १० वॅटचा प्रकाश २१ वॅटसाठी आखलेल्या लेन्समधून भर दुपारी जेमतेम दिसतो. उलट, जास्त प्रकाशाच्या हौसेने २१ऐवजी २७ वॅटचे बल्ब लावले तर वेगळीच अडचण होते. पुढे-मागे २७ वॅट असताना एक उडाला तरी २७ आणि ५ मिळून ३२ वॅट उरतात. बल्ब गेला तरी करंट पुन्हा सीमेच्या जवळ राहतो. सीमा किंचित खाली असलेला फ्लॅशर मग बल्ब गेल्याची सूचना देतच नाही. शिवाय जास्तीच्या उष्णतेने होल्डर मऊ पडतो आणि लेन्स पिवळी पडून तडकते. उत्पादकाने ठरवलेला आकडा दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो.

रंगाची गोष्टही इथेच येते. लेन्स नारिंगी असेल तर आत साधा पांढरा बल्ब असतो. लेन्स पारदर्शक असेल तर बल्बची काच नारिंगी हवी. या नारिंगी बल्बच्या दोन पिना मुद्दाम किंचित तिरक्या, एकमेकींच्या अगदी समोर न येणाऱ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे पांढरा बल्ब चुकून त्या होल्डरमध्ये बसू नये. तरीही पिना घासून किंवा जोर लावून पांढरा बल्ब आत ढकलला जातो. मग इंडिकेटर पांढरा पेटतो, जे नियमात बसत नाही, आणि वाकडा बसलेला बल्ब काही दिवसांत संपर्क सोडतो. टिकटिक पुन्हा वाढते. बल्ब होल्डरमध्ये सहज बसत नसेल, तर तो त्या होल्डरचा नाही.

बल्ब योग्य, वॅट योग्य, अदलाबदल करूनही दोष त्याच जागी, अशी वेळ आली की होल्डरकडे वळावे. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेत, आणि पावसाळ्यात तर सगळीकडेच, टेल लॅम्पच्या जुन्या पडलेल्या रबरातून ओल आत जाते. लेन्सच्या आत पाण्याचे थेंब जमलेले दिसणे ही त्याची पहिली खूण. काही महिन्यांत होल्डरच्या तळाच्या बटणावर पांढरा नाहीतर हिरवा थर चढतो. या थरातून थोडा करंट जातो, पण पुरेसा नाही. बल्ब लालसर आणि मंद पेटतो. फ्लॅशरच्या हिशेबी कमी करंट म्हणजे गेलेला बल्बच, म्हणून तो गती वाढवतो. मात्र करंट सीमेखाली जाण्याइतका गंज बराच जास्त असावा लागतो. थोडा गंज असेल तर दिवा फक्त मंद होतो आणि टिकटिक बदलत नाही. त्यामुळे मंद दिवा दिसला की गती वाढण्याची वाट पाहू नये. इंडिकेटर बंद करून बारीक पॉलिश पेपरने तळाचे बटण आणि बाजूची पत्री घासावी, दबलेली स्प्रिंगपट्टी हलकेच वर उचलावी, आणि पाणी शिरणारे रबर बदलावे. रबर तसेच ठेवून फक्त घासले, तर पुढच्या पावसाळ्यात हेच काम पुन्हा करावे लागते.

अर्थिंगचा दोष याहून अवघड, पण त्याची एक ठळक खूण आहे. टेल लॅम्पमधल्या सगळ्या बल्बांची अर्थची वायर बहुधा एकच असते आणि ती बॉडीला एका बोल्टने जोडलेली असते. तो बोल्ट गंजला किंवा सैल झाला की इंडिकेटरचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो आणि शेजारच्या टेल बल्बच्या किंवा ब्रेकच्या बल्बच्या तारेतून जातो. मग इंडिकेटर लावला की टेलचा दिवाही त्याच्या तालावर मंद लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरची गती बदलते. असे दोन दिवे एकमेकांत गुंतलेले दिसले की बल्ब बदलत बसू नये, अर्थचा बोल्ट शोधून साफ करावा. मीटर असेल तर दिवा पेटलेला असताना होल्डरचा अर्थ आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यामधले व्होल्टेज पाहावे. ते शून्याच्या अगदी जवळ हवे. एखादा व्होल्ट दिसला तर वाटेत अडथळा आहे. ही मोजणी दिवा पेटलेला असतानाच करावी. बल्ब काढून मोजले तर गंजलेली वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण करंट वाहत नसेल तर अडथळा उघडकीला येत नाही.

एलईडी बल्बांमुळे तर ही तक्रार फार वाढली आहे. २१ वॅटच्या जागी बसणारा एलईडी बल्ब सुमारे ३ वॅटमध्ये तेवढाच उजेड देतो. मागे एकच एलईडी लावला तरी त्या बाजूचे एकूण वॅट २९ होतात आणि फ्लॅशर लगेच गती दुप्पट करतो. दोन्ही बाजूंना एलईडी लावले तर दोन्ही बाजूंची टिकटिक वाढते आणि रिले गेला असा संशय आणखी बळावतो. यावर बाजारात दोन उपाय विकले जातात. पहिला उपाय लोड रेझिस्टरचा. सोनेरी रंगाच्या अॅल्युमिनियमच्या कवचातला हा तुकडा साधारण ६ ओहमचा असतो आणि एलईडीला समांतर जोडला जातो. १४ व्होल्टला तो सुमारे २.३ अँपिअर ओढतो, म्हणजे जवळजवळ ३३ वॅट नुसत्या उष्णतेत जातात. तो गाडीच्या पत्र्यावर घट्ट बसवला नाही आणि वायरच्या गुंडाळीत किंवा प्लॅस्टिकला टेकून लोंबत ठेवला, तर हॅझार्ड लावून गाडी अर्धा तास उभी केल्यावर आजूबाजूचे प्लॅस्टिक वितळलेले सापडते. याहून मोठा दोष असा की एलईडी मेला तरी रेझिस्टर करंट ओढतच राहतो. फ्लॅशरला सगळे आलबेल वाटते आणि बल्ब गेल्याची सूचना कायमची मुकी होते.

दुसरा उपाय एलईडीसाठी बनवलेल्या फ्लॅशरचा. तो करंट न पाहता ठरलेल्या गतीने उघडझाप करतो. यात उष्णतेचा प्रश्न नाही, म्हणून दोन्हींत हाच बरा. पण दिवा गेल्याची सूचना यातही मिळत नाही. मूळ गाडी साध्या बल्बांची असेल, तर २१ वॅटचा योग्य बल्ब हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित पर्याय आहे. कारखान्यातूनच एलईडी इंडिकेटर घेऊन आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांत दिवा तपासण्याची सोय त्या करंटनुसारच केलेली असते.

एवढे सगळे तपासून झाल्यावर फ्लॅशर रिलेकडे वळावे. रिले खरेच बिघडतो, पण त्याची लक्षणे बहुधा दोन्ही बाजूंना सारखी दिसतात. सगळे बल्ब योग्य वॅटचे, सगळे पूर्ण तेजाने पेटणारे, आणि तरीही डावीकडे, उजवीकडे आणि हॅझार्डमध्येही गती अवाजवी असेल तर रिलेतल्या चिपशेजारचे भाग जुने झालेले असू शकतात. इंडिकेटर लावल्यावर दिवे लागतात पण विझत नाहीत, तेव्हा संपर्काची टोके वितळून चिकटलेली असतात. टिकटिक येते पण कोणत्याच बाजूचा दिवा लागत नाही, किंवा सकाळी सगळे ठीक आणि दुपारी उन्हात केबिन तापल्यावर उघडझाप थांबते आणि रिलेवर बोटाने टिचकी मारली की पुन्हा सुरू होते, तेव्हा आतला एखादा टाका सैल झालेला असतो. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज पाहावा.

रिले बदलताना त्याच्यावर छापलेला भार मूळ रिलेशी जुळला पाहिजे. मोटारीच्या रिलेवर साधारण दोन २१ वॅट अधिक ५ वॅट असा उल्लेख असतो. ट्रॉली ओढणाऱ्या वाहनांच्या रिलेवर त्यात आणखी २१ वॅटची भर असते, आणि मालट्रकचे रिले २४ व्होल्टचे असतात. जास्त भाराचा रिले कमी बल्बांच्या गाडीत बसवला तर सगळे दिवे ठणठणीत असूनही टिकटिक वाढलेली राहू शकते. पिनांची जागाही पाहावी लागते. काही रिलेंवर पिनांना ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे असतात, काहींवर बी, एल आणि ई अशी अक्षरे. पहिली पिन बॅटरीकडून येणाऱ्या वायरची, दुसरी दिव्यांकडे जाणाऱ्या वायरची आणि तिसरी अर्थची. तीन पिनांचा रिले सॉकेटात बसला म्हणजे त्याचा क्रम जुळला असे होत नाही. क्रम चुकला तर फ्यूज उडतो किंवा नवा रिले जळतो. अलीकडच्या अनेक मोटारींत तर वेगळा फ्लॅशर रिलेच नसतो. इंडिकेटरचे काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा संगणक करतो आणि टिकटिक हा स्पीकरमधून दिलेला आवाज असतो. अशा गाडीत बल्ब, वॅट, होल्डर आणि अर्थ ठीक असूनही गती वाढलेली असेल, तर स्कॅनर असलेल्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवणेच शहाणपणाचे.

दुचाकीवर हिशेब तोच, पण आकडे छोटे. पुढे १० आणि मागे १० मिळून २० वॅट, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या जवळ. एक बल्ब गेला की करंट थेट निम्म्यावर येतो आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाई करू लागतो. जुन्या दुचाकींतले काही फ्लॅशर करंटच्या उष्णतेवर चालतात. आतली धातूची पट्टी तापून वाकली की संपर्क तुटतो आणि थंड झाली की पुन्हा जुळतो. त्यांत बल्ब उडाला तर उलटे घडते. करंट कमी म्हणून पट्टी सावकाश तापते, उघडझाप मंदावते किंवा उरलेला दिवा पेटूनच राहतो. आणखी एक गोष्ट फक्त दुचाकीवर ठळकपणे दिसते. गाडी उभी असताना इंडिकेटर मंद आणि रेस दिली की जोरात, असे होत असेल तर बल्ब आणि फ्लॅशर दोघेही निर्दोष असू शकतात. बॅटरी थकलेली असते आणि सगळा भार थेट चार्जिंगवर पडलेला असतो.

दुरुस्ती पूर्ण झाल्यावर पुन्हा दोन्ही बाजूंच्या १० सेकंदांच्या उघडझापी मोजाव्यात. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. मग एका बाजूचा मागचा बल्ब मुद्दाम काढून टिकटिक वाढते का ते पाहावे. वाढली तर गाडीची सूचना शाबूत आहे. वाढली नाही, म्हणजे लोड रेझिस्टर, एलईडी फ्लॅशर किंवा चुकीचा रिले तिच्या आड आला आहे, आणि अशा गाडीच्या मालकाने दर आठवड्याला हॅझार्ड लावून गाडीभोवती एक फेरी मारावी, कारण त्या गाडीतला बल्ब गेल्याचे त्याला दुसरे कोणी सांगणार नाही.